लंबकाचा झोका मोठा झाला की वेळ किती वाढतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीच्या प्रॅक्टिकलपासून इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षापर्यंत लंबकाबद्दलचे तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात. आलेल्यांपैकी जे परत परत विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच लंबक धरला आहे: लांबी १ मीटर, आणि प्रयोग पुण्यात. पुण्यात g सुमारे ९.७८ आहे. पुस्तकातला ९.८ हा पूर्णांकित आकडा आहे, महाराष्ट्रात मोजून तो सहसा मिळत नाही. कोन दर वेळी उभ्या रेषेपासून मोजलेला आहे, म्हणजे ‘६० अंश’ याचा अर्थ एका बाजूला ६० अंश.

१. T = 2π√(L/g) या सूत्रात कोन का नाही?

कारण तो आपणच आधी काढून टाकलेला असतो. गोळा θ कोनावर असताना त्याला मध्याकडे ओढणारं बल mg sinθ असतं. न्यूटनचा नियम लावला की m दोन्ही बाजूंनी जातो आणि उरतं

```
θ'' = −(g/L) sinθ
```

इथपर्यंत कुठलीही तडजोड नाही, हे समीकरण कितीही मोठ्या कोनाला लागू आहे. तडजोड पुढच्या ओळीत होते: sinθ च्या जागी आपण θ लिहितो. मग ओढणारं बल अंतराच्या अगदी प्रमाणात वाढतं. गोळा दुप्पट लांब नेला तर ओढ दुप्पट, वेगही दुप्पट, आणि दुप्पट अंतर तेवढ्याच वेळात कापून होतं. म्हणून आयाम सूत्रातून गळतो. आपल्या लंबकासाठी हा काल, त्याला T₀ म्हणू, २.००९ सेकंद येतो.

खरा sinθ मात्र θ पेक्षा नेहमी थोडा कमी असतो. म्हणजे खरी ओढ आपण धरतो त्यापेक्षा कमी, आणि खरा आवर्तकाल T₀ पेक्षा नेहमी जास्त. ही चूक एकाच दिशेनं जाते. सरासरी घेऊन ती पुसली जात नाही.

२. गोळा जड घेतला तर आवर्तकाल बदलतो का?

नाही, आणि मोठ्या कोनालाही नाही, कारण m पहिल्याच पायरीला गेलेला आहे. हलका गोळा (थर्माकोल, टेबलटेनिसचा चेंडू) हवेमुळे लवकर मंदावतो, त्यामुळे मोजणीत वेगळा घोळ होतो. तो प्रश्न १२ मध्ये आहे.

३. ‘लहान कोन’ म्हणजे नेमके किती अंश? कुणी ५ सांगतं, कुणी १०, कुणी १५.

तिघंही बरोबर असू शकतात. कोन लहान आहे की नाही हे कोनावर ठरत नाही, तुम्ही वेळ किती बारकाईनं मोजता यावर ठरतं. सूत्रातली पहिली दुरुस्ती अशी आहे:

```
T ≈ T₀ (1 + θ₀²/16)      (θ₀ रेडियनमध्ये)
```

यातून उलटं काढलं तर ०.१ टक्का चूक सुमारे ७ अंशांना होते, ०.५ टक्का १६ अंशांना आणि १ टक्का जवळपास २३ अंशांना.

आता प्रयोगशाळेकडे पाहा. २० दोलनांना ४० सेकंद लागतात. स्टॉपवॉच सुरू आणि बंद करताना अंगठ्याच्या उशिरामुळे मिळून ०.२ सेकंदांची अनिश्चितता धरली, तर ती ०.५ टक्के झाली. म्हणजे या प्रयोगात १५ अंशांपर्यंतची चूक तुम्हाला दिसणारच नाही. तोच लंबक फोटोगेट लावून मिलिसेकंदात मोजला, तर ५ अंशांचीही दिसेल, कारण तिथं प्रत्येक दोलन जवळपास १ मिलिसेकंदानं लांबलेलं असतं. जर्नलमध्ये ‘कोन ५ अंशांपेक्षा कमी ठेवावा’ असं असतं ती खबरदारी आहे, निसर्गाचा नियम नव्हे.

४. १० अंशांना sinθ आणि θ यांत अर्ध्या टक्क्याचा फरक आहे. मग आवर्तकालात ०.१९ टक्केच चूक कशी?

हा माझा आवडता प्रश्न. १० अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन आणि sin 10° म्हणजे ०.१७३६. फरक खरंच ०.५१ टक्के आहे. सूत्रात तो θ²/6 असा दिसतो. सहाचे सोळा होतात ते दोन टप्प्यांत.

पहिला टप्पा: गोळा १० अंशांवर असतो तो फक्त टोकाला. बाकी सगळा वेळ तो आत असतो आणि तिथं θ व sinθ मधला फरक खूपच कमी असतो. म्हणून टोकाची चूक पूर्ण झोक्याला लावता येत नाही, तिची योग्य सरासरी हवी. ती अशी मिळते: θ = θ₀ cos ωt धरलं तर θ³/6 या पदात cos³ येतो, आणि cos³ मधला मूळ तालाचा भाग तीन चतुर्थांश असतो. एक षष्ठांशाचा तीन चतुर्थांश म्हणजे एक अष्टमांश. थोडक्यात, ओढ प्रभावीपणे θ₀²/8 इतकी कमी पडते.

दुसरा टप्पा: आवर्तकाल ओढीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ओढीतली लहान टक्केवारी आवर्तकालात निम्मी होऊन उतरते. आठाचे सोळा झाले.

०.१७४५ चा वर्ग ०.०३०५, त्याला १६ नं भागलं की ०.००१९. हाच तो ०.१९ टक्का. तेव्हा ‘sinθ ≈ θ किती बरोबर?’ याचा तक्ता पाहून आवर्तकालाची चूक ठरवू नका. तशी ठरवली तर ती जवळपास पावणेतीन पट फुगते.

५. θ₀²/16 मध्ये १० टाकलं तर ६.२५ येतं. सूत्र चुकीचं आहे का?

कोन अंशांत टाकलात. अंशांना आधी ५७.३ नं भागा. कॅल्क्युलेटर RAD वर ठेवून काम होणार नाही. ते बटण sin, cos साठी असतं, तुम्ही हातानं टाकलेल्या आकड्याला ते हात लावत नाही.

६. ३० अंशांवरून सोडून g काढला तर ९.४५ आला. चूक कोनाचीच आहे हे कसं ओळखायचं?

आकडा पाहता कोनाचीच असावी. ३० अंशांना आवर्तकाल T₀ च्या १.०१७४ पट, म्हणजे २.०४४ सेकंद होतो. g = 4π²L/T² मध्ये T चा वर्ग आहे, त्यामुळे १.७४ टक्क्यांची चूक g मध्ये साडेतीन टक्के होते आणि ९.७८ चे ९.४५ होतात. T ला १.०१७४ नं भागून पुन्हा g काढा, प्रयोग वाया जात नाही.

पण g कमी येण्याचं दुसरंही कारण सर्रास आढळतं: दोऱ्याची लांबी गोळ्याच्या माथ्यापर्यंतच मोजलेली असते आणि त्रिज्या मिळवायची राहते. १ सेंटिमीटर त्रिज्या राहिली तर g एक टक्क्यानं घसरतो. दोन्हींतला भेद ओळखायला तोच लंबक ५ अंशांवरून सोडा. चूक लांबीची असेल तर ती ५ अंशांनाही तेवढीच राहील, कोनाची असेल तर नाहीशी होईल.

तिसरी चूक उलट्या दिशेची. गोळा सोडताना ‘शून्य’ म्हणायच्या ऐवजी ‘एक’ म्हटलं की वीसच्या जागी एकोणीसच दोलनं मोजली जातात आणि g १०.८ च्या आसपास येतो. g दहाच्या वर दिसला की मी आधी मोजणी कशी केली हे विचारतो. कोन मोठा घेतल्यानं g कधीच वाढत नाही.

७. मोठ्या कोनासाठी आवर्तकाल काढताना ऊर्जेपासून सुरुवात का करतात?

कारण प्रश्न १ मधलं समीकरण साध्या फंक्शनांत सुटत नाही. पण आपल्याला गोळा प्रत्येक क्षणी कुठं आहे हे नकोच आहे, फक्त एका फेरीला किती वेळ लागतो एवढंच हवं आहे. त्यासाठी प्रत्येक जागी वेग किती हे कळलं की पुरे, आणि वेग ऊर्जा अक्षय्यतेतून सरळ मिळतो. θ₀ वरून सोडलेला गोळा θ वर येईपर्यंत जेवढी उंची गमावतो, तेवढी गतिज ऊर्जा कमावतो:

```
½ L² θ'² = gL (cosθ − cosθ₀)
θ' = √[ (2g/L)(cosθ − cosθ₀) ]
```

मग कमानीचा प्रत्येक छोटा तुकडा dθ कापायला dθ/θ' एवढा वेळ लागतो. मध्यापासून टोकापर्यंतचे तुकडे मिळवले की पाव आवर्तकाल, त्याची चौपट म्हणजे पूर्ण:

```
T = 4 √(L/2g) ∫₀^θ₀ dθ / √(cosθ − cosθ₀)
```

हे सूत्र अचूक आहे. आत कुठंही लहान कोन धरलेला नाही.

८. ते इंटिग्रल कॉम्प्युटरवर टाकलं तर कधी शून्यानं भागल्याची एरर येते, कधी उत्तर कमी येतं. असं का?

टोकाला θ = θ₀ होतो आणि छेद शून्य होतो. याचा भौतिक अर्थ सोपा आहे: गोळा तिथं क्षणभर थांबतो, म्हणून त्या तुकड्याला ‘वेळ भागिले अंतर’ अनंत. तरी एकूण वेळ मर्यादितच असतो, कारण छेद हळूहळू, वर्गमुळाच्या चालीनं शून्याकडे जातो. कागदावर इंटिग्रल ठीक आहे, कॉम्प्युटरला मात्र ते जड जातं.

टोकाचा बिंदू घेतला तर शून्यानं भागाकार होतो. तो टाळायला प्रत्येक पट्टीचा मध्यबिंदू घेतला तर एरर जाते, पण शेवटच्या पट्टीत वर उसळणारा भाग हातून निसटतो आणि उत्तर कमी येतं. ६० अंशांसाठी T/T₀ चं खरं मूल्य १.०७३२ आहे. १०० पट्ट्या करून १.०४३ येतं. १०,००० पट्ट्या करूनही १.०७० च. पट्ट्या शंभरपट केल्या की चूक फक्त दहापट कमी होते. उत्तर विश्वासार्ह आहे का हे पाहायची खूणही हीच: पट्ट्या चौपट करा, आणि चूक निम्मीच होत असेल तर टोक त्रास देतंय असं समजा.

उपाय पट्ट्या वाढवणं हा नाही, चल बदलणं हा आहे. cosθ = 1 − 2sin²(θ/2) लिहा, k = sin(θ₀/2) म्हणा आणि

```
sin(θ/2) = k sinφ
```

असं घ्या. गोळा मध्यापासून टोकापर्यंत जाताना φ शून्यापासून ९० अंशांपर्यंत जातो. छेदातून k cosφ बाहेर येतो, dθ मधून वर k cosφ येतो, दोघं एकमेकांना खातात, आणि शून्याचा त्रास मुळासकट संपतो:

```
T = 4 √(L/g) ∫₀^(π/2) dφ / √(1 − k² sin²φ)
```

यातल्या इंटिग्रलला पहिल्या प्रकारचं पूर्ण एलिप्टिक इंटिग्रल म्हणतात आणि K(k) असं लिहितात. नाव ऐकून घाबरून लोक इथेच पुस्तक मिटतात. पुढचा प्रश्न वाचा.

९. ६० अंशांचं उदाहरण हातानं करून दाखवाल का?

जरूर. θ₀ = ६०°, म्हणून k = sin ३०° = ०.५ आणि k² = ०.२५. आपल्याला T/T₀ हवं आहे, आणि ते म्हणजे १/√(1 − 0.25 sin²φ) या फंक्शनची शून्य ते ९० अंशांवरची सरासरी, एवढंच. फक्त तीन जागी किंमत काढू.

φ = ०° ला sin शून्य, किंमत १. φ = ४५° ला sin² अर्धा, म्हणून १/√०.८७५ = १.०६९०. φ = ९०° ला १/√०.७५ = १.१५४७.

समलंब चौकोनाच्या नियमानं दोन्ही टोकांच्या किमती निम्म्या धरायच्या: ०.५ + १.०६९० + ०.५७७४ = २.१४६४. दोन पट्ट्या आहेत म्हणून २ नं भागा: १.०७३२. चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर बरोबर! खरी चूक पाचव्या स्थळावर, सुमारे दीड आहे. मागच्या प्रश्नातल्या सरळ रीतीनं एवढी अचूकता गाठायला तीस-चाळीस कोटी पट्ट्या कराव्या लागतील.

तीन बिंदूंत एवढं जमतं कारण नवं फंक्शन φ मध्ये आवर्ती आहे, ० आणि ९० अंशांना त्याचा उतार शून्य आहे, आणि अशा गुळगुळीत आवर्ती फंक्शनला समलंब नियम विलक्षण लवकर बसतो. टोकाला उसळी मारणाऱ्या मूळ फंक्शनात यातलं काहीच नव्हतं. भौतिकशास्त्र तेच, मोजपट्टी बदलली.

आपला लंबक: २.००९ × १.०७३२ = २.१५६ सेकंद. २० दोलनांना ४०.१८ ऐवजी ४३.१२ सेकंद. जवळजवळ तीन सेकंदांचा फरक कुणाच्याही साध्या स्टॉपवॉचवर दिसतो.

१०. प्रत्येक कोनासाठी एवढंही करायचं नसेल तर?

मग गाउसची रीत वापरा. दोन आकडे घ्या: १ आणि cos(θ₀/2). त्यांची सरासरी काढा, गुणाकाराचं वर्गमूळ काढा, आणि आलेल्या दोन आकड्यांवर हेच पुन्हा करा. दोन्ही झपाट्यानं एकाच संख्येवर येतात. T₀ ला त्या संख्येनं भागलं की अचूक T. या दुहेरी सरासरीचं एलिप्टिक इंटिग्रलशी नातं गाउसनं १७९९ मध्ये ओळखलं.

६० अंशांना १ आणि ०.८६६०३ पासून सुरुवात करा. पहिल्या फेरीत ०.९३३०१ आणि ०.९३०६०, दुसऱ्या फेरीत दोन्ही ०.९३१८१. १ भागिले ०.९३१८१ = १.०७३२.

```python
from math import cos, radians, sqrt

def ratio(deg):
    a, b = 1.0, cos(radians(deg) / 2)
    while abs(a - b) > 1e-12:
        a, b = (a + b) / 2, sqrt(a * b)
    return 1 / a

print(ratio(60))
```

आपल्या लंबकासाठी यातून मिळणारे आकडे असे:

| सुरुवातीचा कोन | T/T₀ | २० दोलनांचा वेळ (सेकंद) |
|---|---|---|
| ५° | १.०००५ | ४०.२० |
| १०° | १.००१९ | ४०.२६ |
| ३०° | १.०१७४ | ४०.८८ |
| ४५° | १.०४०० | ४१.७९ |
| ६०° | १.०७३२ | ४३.१२ |
| ९०° | १.१८०३ | ४७.४३ |

मधला रकाना कुठल्याही लांबीला आणि कुठल्याही g ला चालतो, चंद्रावरही.

प्रश्न ३ मधलं θ₀²/16 चं सूत्र इथं कुठवर टिकतं तेही पाहून घ्या. ६० अंशांना ते १.०६८५ देतं, म्हणजे अर्धा टक्का कमी. ९० अंशांना १.१५४२ देतं आणि दोन टक्क्यांहून जास्त चुकतं. पुढचं पद, 11θ₀⁴/3072, मिळवलं तर ९० अंशांना १.१७६० पर्यंत पोचता येतं. त्यापुढे पदं जोडत बसण्यापेक्षा गाउसच्या दोन फेऱ्या परवडतात.

११. ९० अंशांच्या वरून सोडलं तर प्रयोग बिघडतो. का?

दोरा फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. ९० अंशांच्या वर स्थिर गोळा सोडला की गोळ्याचं वजन त्याला आसाकडे आत खेचतं, दोरा सैल पडतो, गोळा सरळ खाली कोसळतो आणि मग दोऱ्याला हिसका बसतो. तो लंबक राहतच नाही. त्यासाठी कडक दांडी हवी, आणि आसाला चांगलं बेअरिंग.

दांडी घेतली की लांबी जपून धरा. एकसारखी १ मीटरची दांडी एका टोकाला टांगली तर ती ६७ सेंटिमीटरच्या साध्या लंबकासारखी झुलते (दोन तृतीयांश), आणि तिचा T₀ १.६४ सेकंद येतो. T/T₀ चा रकाना मात्र जसाच्या तसा लागू पडतो, कारण समीकरण तेच आहे, फक्त L बदलला.

१२. ६० अंशांवरून सोडून २० दोलनं मोजली तर ४३.१२ ऐवजी ४२.६ सेकंद आले. सूत्र अचूक असेल तर असं का?

सूत्र ६० अंशांचा आयाम कायम राहील असं धरतं. तुमचा राहिला नसणार. शेवटच्या दोलनाला गोळा ५० अंशांपर्यंतच जात असेल तर त्याचा आवर्तकाल T₀ च्या १.०५० पट असतो, पहिल्याचा १.०७३ पट. सगळ्यांची सरासरी ५५ अंशांच्या आसपास, म्हणजे १.०६१. आणि ४०.१८ × १.०६१ = ४२.६. हिशोब जुळला.

म्हणून मोठ्या कोनाच्या प्रयोगात सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही कोन लिहून ठेवा. त्याहून बरं म्हणजे पाचच दोलनं मोजा आणि प्रयोग आठ-दहा वेळा करा. लहान कोनासाठी ‘जितकी जास्त दोलनं तितकं चांगलं’ ही शिकवण बरोबर आहे, मोठ्या कोनाला ती उलटते.

काही जण म्हणतात की हवेच्या रोधानं आवर्तकाल थेट बदलतो. बदलतो, पण नगण्य. रोध वेगाच्या प्रमाणात धरला आणि आयाम १०० दोलनांत सुमारे एक तृतीयांशावर येत असेल, तर थेट परिणाम दहा लाखांत एका भागाच्या आसपास असतो. खरा परिणाम आडून येतो: रोध आयाम कमी करतो, आणि कमी झालेला आयाम आवर्तकाल बदलतो.

१३. १८० अंशांना आवर्तकाल अनंत होतो म्हणजे नेमकं काय?

दांडीवरचा गोळा अगदी उभा वर ठेवला तर तो तिथंच राहील, हे एवढं सरळ आहे. गंमत त्याच्या अलीकडे आहे. १७९ अंशांवरून सोडलं तर आवर्तकाल T₀ च्या ३.९ पटच, म्हणजे १ मीटरला ७.८ सेकंद. १७९.९ ला ५.३७ पट. शिखरापासूनचं अंतर दहापट कमी केलं की दर वेळी फक्त १.४७ T₀ इतकी, म्हणजे साधारण तीन सेकंदांची भर पडते. अनंत आहे खरं, पण लॉगच्या संथ पावलानं जाणारं. या भागात मोठ्या आवर्तकालाचा बहुतेक वेळ गोळा माथ्याजवळ रेंगाळण्यात जातो. खालून तो नेहमीसारखाच भुर्रकन निघून जातो.

१४. गॅलिलिओनं तर लहान-मोठे झोके सारखाच वेळ घेतात असं म्हटलं होतं ना?

हो. १६०२ मध्ये गिदोबाल्दो देल मोन्तेला लिहिलेल्या पत्रात त्यानं तसा दावा केला होता. १० अंशांना चूक हजारात दोन भाग असते हे लक्षात घेतलं तर त्याचा मोह समजतो. मोठ्या कोनाला मात्र दावा टिकत नाही, आणि ते पाहायला घड्याळही लागत नाही. सारख्या लांबीचे दोन लंबक शेजारी टांगा, एक ५ अंशांवरून आणि एक ६० अंशांवरून एकदम सोडा. सात-आठ झोक्यांत ते एकमेकांच्या उलट दिशेला जाताना दिसतील. लांबी मात्र नीट जुळवा. तपासायला आधी दोन्ही ५ अंशांवरून सोडून बघा. ते बराच वेळ बरोबरीनं चालले तरच मोठ्या कोनाच्या निकालावर विश्वास ठेवा.

१५. मग लंबकाचं घड्याळ वेळ बरोबर कसं दाखवतं?

दोन वाटा निघाल्या. ह्यूगेन्सनं १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ केलं, आणि गोळा वर्तुळाऐवजी सायक्लॉइड या वक्रावर फिरला तर आवर्तकाल आयामावर मुळीच अवलंबून राहत नाही हे सिद्ध केलं. १६७३ च्या ग्रंथात त्यानं ते मांडलं. त्यासाठी दोऱ्याच्या दोन बाजूंना वाकवलेले पत्रे लावायचे, म्हणजे दोरा त्यांवर टेकत जाऊन टोकाला आखूड होतो. गणित देखणं आहे, पण दोरा पत्र्यावर टेकण्यातून नव्या चुका येत. घड्याळजींनी दुसरी वाट धरली: लंबकाला दर झोक्याला छोटा धक्का देणारी अँकर एस्केपमेंट ही यंत्रणा आली आणि झोका काही अंशांवर आणला गेला.

चूक संपली नाही, लहान झाली. २ अंशांना θ₀²/16 म्हणजे दिवसाला ६.६ सेकंद. पण घड्याळ त्याच आयामावर लावून घेतलेलं असतं, त्यामुळे ही चूक लांबीच्या स्क्रूमध्ये आधीच जिरलेली असते. त्रास होतो तो आयाम बदलला की. तेल सुकलं, झोका २ वरून दीड अंशावर आला, तर चूक ३.७ सेकंदांवर येते आणि घड्याळ दिवसाला जवळपास तीन सेकंद पुढे जाऊ लागतं. एस्केपमेंटच्या धक्क्याचा परिणाम त्यात मिसळतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा वेगळा येईल. पण थकलेलं घड्याळ मागेच पडणार असं गृहीत धरून कुणी लंबक आखूड करत असेल, तर आधी झोक्याचा कोन बघावा.